बंद पत्त्यावरचं सदर

पलूस तालुक्यातल्या एका डॉक्टरांनी २००३च्या पावसाळ्यापासून २००४ संपेपर्यंत सांगलीच्या एका साप्ताहिकात दर रविवारी सदर लिहिलं. सर्पदंश, ऊसतोड मजुरांच्या बायकांची बाळंतपणं, शेतातल्या फवारणीनंतर येणारे रोगी, दारू सोडायला आलेली आणि न आलेली माणसं, असे त्याचे विषय. डॉक्टर गेल्यावर त्यांच्या लेखांचं पुस्तक करायचं ठरलं आणि संपादनाचं काम माझ्याकडे आलं. मी पुण्यात एका प्रकाशनासाठी हस्तलिखितं तपासतो, संदर्भ पडताळतो. कात्रणांवरून मजकूर टाइप करून घ्यायचा आणि वाचत जायचं, एवढंच काम असेल असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

कात्रणं मात्र नव्हती. ऑगस्ट २०१९च्या महापुरात कृष्णेचं पाणी डॉक्टरांच्या घरात शिरलं आणि कपाटातल्या फायलींचा लगदा झाला. साप्ताहिक त्याच्या कितीतरी आधी बंद पडलं होतं आणि त्याच्या बांधीव फायली जिथे ठेवल्या होत्या, त्या तळमजल्याचीही तीच गत झाली. वाचली ती डॉक्टरांच्या पत्नीची, म्हणजे काकूंची वही, कारण ती मुलीकडे पुण्यात होती. काकूंनी प्रत्येक लेखाचं शीर्षक आणि छापून आल्याची तारीख निळ्या शाईत लिहून ठेवली होती. सत्तरच्या वर नोंदी होत्या. काही शीर्षकांपुढे त्यांनी ‘फार पत्रं आली’ असंही लिहिलं होतं.

वहीच्या पहिल्या पानावर साप्ताहिकाच्या वेबसाइटचा पत्ता होता. त्या काळात जिल्ह्याच्या ठिकाणची पत्रंही आपली वेबसाइट काढत होती, परदेशात गेलेल्या गाववाल्यांना अंक वाचता यावा म्हणून. काकू म्हणाल्या, “तुम्ही त्या कंप्युटरवर बघा ना. हे सांगायचे, आपलं सदर अमेरिकेतसुद्धा वाचतात.” मी तो पत्ता उघडला तेव्हा तिथे भलत्याच धंद्याची जाहिरात होती. साप्ताहिकाने पत्त्याचं नूतनीकरण थांबवलं की तो पत्ता मोकळा होतो आणि कुणीही विकत घेऊ शकतो. तसंच झालं होतं.

मग मी ज्याच्याकडे वळलो ते म्हणजे वेबॅक मशीन. ब्रूस्टर केल यांनी १९९६ साली सॅन फ्रान्सिस्कोत इंटरनेट आर्काइव्ह ही ना-नफा संस्था सुरू केली. तेव्हापासून वेबपानांच्या प्रती तिथे साठत गेल्या आणि २००१मध्ये वेबॅक मशीन या नावाने त्या लोकांसाठी खुल्या झाल्या. पत्ता टाकला की वर वर्षांची पट्टी येते आणि खाली कॅलेंडर. ज्या दिवशी प्रत घेतली गेली, त्या तारखेवर ठिपका. निळा ठिपका म्हणजे पान नीट मिळालं होतं, हिरवा म्हणजे ते दुसऱ्या पत्त्याकडे वळवत होतं, नारिंगी म्हणजे पान सापडलं नव्हतं, लाल म्हणजे सर्व्हरच बिघडला होता. आमच्या पत्त्यावर पुष्कळ निळे ठिपके होते आणि काकूंचा चेहरा उजळला. पण निळा ठिपका एवढंच सांगतो की त्या दिवशी त्या पत्त्यावर काहीतरी मिळालं. ते काहीतरी आपल्याला हवं तेच आहे, याची हमी तो देत नाही. म्हणून मी पहिल्यांदा शेवट शोधला: साप्ताहिकाची पानं कुठे संपतात आणि नव्या मालकाची कुठे सुरू होतात. २००९च्या मध्यानंतरचे सगळे ठिपके दुसऱ्याच माणसाचे निघाले. ते बाजूला ठेवले.

२००४ची एक प्रत उघडली, तर वर साप्ताहिकाचं बोधचित्र, डावीकडे यादी, मध्ये अंक. त्या काळातल्या पुष्कळ वेबसाइटींसारखीच ही फ्रेममध्ये केलेली होती, म्हणजे एका खिडकीत दोन-तीन वेगळी पानं जोडून दाखवलेली. वरच्या पट्टीत पत्ता दिसतो तो फक्त चौकटीचा. लेखाचा खरा पत्ता काढायला पानाचा सोर्स उघडावा लागला. तिथे नाव सापडलं: `lekh.htm`. आणि तिथेच पुढचं सगळं काम का अवघड जाणार आहे, हेही कळलं.

डॉक्टरांचं सदर दर आठवड्याला त्याच एका फाइलमध्ये टाकलं जात होतं. रविवारी नवा लेख आला की जुना पुसला जाई. शाळेच्या दारातल्या सुविचाराच्या फळ्यासारखं. एखाद्या येणाऱ्या-जाणाऱ्याने ज्या दिवशी त्या फळ्याचा फोटो काढला, त्या दिवसाचा सुविचार तेवढा राहिला. इथे तो येणारा-जाणारा म्हणजे क्रॉलर, म्हणजे दुव्यांवरून दुव्यांवर जात पानांच्या प्रती घेणारा प्रोग्राम. तो दर आठवड्याला येत नसे. कधी एका महिन्यात अनेकदा फिरकला, कधी तीन-तीन महिने नाही. तो ज्या आठवड्यात आला नाही, त्या आठवड्याचा लेख त्या पत्त्यावरून कायमचा गेला. वेबॅक मशीनवर हरवलेलं पान शोधताना लोक विचारतात, “आहे का?” विचारायला हवं ते हे की, हा पत्ता एका मजकुराचा होता की बदलत जाणाऱ्या जागेचा. पहिल्या प्रकारात एक प्रत सापडली तरी काम होतं. दुसऱ्यात प्रत्येक प्रत वेगळी तपासावी लागते.

कॅलेंडरवरचा एकेक ठिपका उघडत बसण्यापेक्षा प्रतींची यादीच मागवता येते. वेबॅक मशीनची सूची सगळ्यांना खुली आहे. ब्राउझरमध्ये असा पत्ता टाकला की ती साध्या मजकुरात समोर येते. (साप्ताहिकाच्या पत्त्याच्या जागी मी इथे नमुन्याचा पत्ता घातला आहे.)

```
https://web.archive.org/cdx/search/cdx?url=example.com/lekh.htm
&from=2003&to=2005&filter=statuscode:200
&fl=timestamp,digest,length
```

हे सगळं एका ओळीत, मध्ये जागा न सोडता लिहायचं. उत्तरात प्रत्येक प्रतीची एक ओळ मिळते: आधी चौदा आकडे, मग बत्तीस अक्षरांची एक अर्थहीन दिसणारी माळ, मग आकार. कामाची गोष्ट ती माळ आहे. पानातल्या मजकुरावरून गणिताने ती काढलेली असते. दोन प्रतींची माळ तीच असेल तर पानं अक्षरन् अक्षर सारखी. एक स्वल्पविराम बदलला तरी माळ पूर्ण बदलते. यादीत लागोपाठच्या पुष्कळ ओळींना तीच माळ होती, म्हणजे क्रॉलर एकाच आठवड्यात पुन्हा पुन्हा आला होता. वेगळ्या माळा मोजल्या तेव्हा कॅलेंडरवरची गर्दी एकदम विरळ झाली. त्यातही काही ठिकाणी लेख तोच आणि फक्त खालची वर्गणीची सूचना बदललेली. हे काकूंना सांगताना मला जड गेलं. त्यांनी ठिपके मोजले होते.

आता तारखा. ते चौदा आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिटं, सेकंद. `20040618093512` म्हणजे १८ जून २००४, सकाळचे नऊ पस्तीस. मात्र ही वेळ ग्रिनिचची आहे, आपल्याकडे तेव्हा दुपारचे तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. १८ जून शुक्रवार होता. त्याआधीचा रविवार १३ जूनचा, आणि काकूंच्या वहीत १३ जूनपुढे शीर्षक होतं ‘साप चावला तर’. प्रत उघडली, शीर्षक तेच. इथे ताळा बसला. पण दुसऱ्या एका प्रतीची वेळ होती `20040619201040`. वाचणारा पटकन म्हणेल, १९ जून, शनिवार, म्हणजे अजून जुनाच लेख. साडेपाच तास मिळवले की ती होते रविवार, २० जूनची पहाट, एक वाजून चाळीस मिनिटं. अशा वेळी नवा लेख चढला होता की नाही, हे आकड्यांवरून ठरत नाही. माळ पाहावी लागते. ती १८ जूनच्या माळेशी जुळत होती, म्हणजे लेख तोपर्यंत बदलला नव्हता.

पानावर छापलेली तारीख पाहायची की नाही? आमच्या पानाच्या माथ्यावर तारीख होती, आणि ती होती मी पान उघडलं त्याच दिवसाची. त्या काळी साइट करणारे माथ्यावर जावास्क्रिप्टची एक ओळ टाकत. ती ओळ वाचणाऱ्याच्या संगणकाला विचारून ‘आजची’ तारीख दाखवते. आर्काइव्हने ओळ जशीच्या तशी जपली आणि माझ्या ब्राउझरने ती आज चालवली. वीस वर्षांपूर्वीच्या पानावर आजची तारीख दिसली की माणूस निदान थबकतो. पण एखाद्याने २०१० साली अशा पानाची छापील प्रत काढून ठेवली असेल, तर ती पाहणारा लेख २०१०चा आहे असंच धरेल. माथ्यावरची तारीख कुठून आली, हे सोर्समध्ये पाहिल्याशिवाय ती संदर्भात वापरू नये.

खरी कसोटी लागली ती याच ‘साप चावला तर’ लेखाशी. लेख दोन पानांत होता. पहिल्या पानाच्या तळाशी ‘पुढील पान’ असा दुवा, तो `lekh2.htm`कडे जाणारा. मी दुवा दाबला, दुसरं पान उघडलं, वाचलं. पहिल्या पानात डॉक्टर सांगतात की भिलवडीकडच्या एका शेतमजुराला नाग चावल्यावर घरच्यांनी काय काय केलं: पाय दोरीने घट्ट आवळला, ब्लेडने जखम कापली, मांत्रिकाकडे नेलं. पान संपतं तिथे त्याला ट्रॅक्टरमधून दवाखान्याकडे आणत आहेत. दुसऱ्या पानावर रोग्याला सलाइन लावलं आहे, अंग तापलं आहे, डोळे लाल झाले आहेत, आणि डॉक्टर नातेवाइकांना म्हणतात की चार दिवस आधी आणायला हवं होतं.

वाक्याला वाक्य जुळत होतं. शैली तीच, दवाखाना तोच, पावसाळा तोच. मला टोचलं ते ‘चार दिवस’. नागाच्या विषाला चार दिवस लागत नाहीत, त्याचा निकाल तासांत लागतो. आणि लाल डोळे, ताप हे काही नागदंशाचं चित्र नव्हे. मी वरच्या पट्टीतला पत्ता पाहिला. पहिल्या पानाचे आकडे `20040618`ने सुरू होत होते, दुसऱ्याचे `20040805`ने. ५ ऑगस्ट गुरुवार, त्याआधीचा रविवार १ ऑगस्ट. वहीत १ ऑगस्टपुढे होतं ‘चिखलातला ताप’. दुसरं पान लेप्टोस्पायरोसिसच्या लेखाचा उत्तरार्ध होता.

हे कसं घडतं, ते समजून घेण्यासारखं आहे. वेबॅक मशीन वेबसाइटचा एका क्षणी काढलेला संपूर्ण ठसा जपत नाही. प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे, क्रॉलरला मिळेल तेव्हा जपली जाते. पहिलं पान जूनमध्ये मिळालं, दुसरं त्या आठवड्यात मिळालंच नाही. जपलेल्या पानातला दुवा आपण दाबतो तेव्हा यंत्र त्या फाइलची सगळ्यांत जवळच्या तारखेची प्रत शोधतं आणि ती काही न बोलता समोर ठेवतं. जवळची म्हणजे पुढची किंवा मागची, दोन दिवसांनी किंवा दोन वर्षांनी. चित्रांचंही तसंच: पान एका तारखेचं, त्यातला फोटो दुसऱ्या. प्रत्येक दुव्यानंतर पट्टीतले आकडे बदलले का, हे पाहण्याखेरीज दुसरी राखण नाही. म्हणून मी दुवे दाबणं सोडलं. `lekh2.htm`ची वेगळी यादी मागवली, दोन्ही याद्यांच्या तारखा कागदावर शेजारी मांडल्या, आणि दोन्ही एकाच रविवार ते शनिवारच्या आत पडल्या तरच जोडी मानली. तशा जोड्या फार थोड्या निघाल्या.

‘साप चावला तर’चा उत्तरार्ध मिळाला नाही. पूर्वार्ध पूर्ण आहे, भाषा उत्तम आहे, आणि त्या नोंदीपुढे काकूंच्या अक्षरात ‘फार पत्रं आली’ लिहिलेलं आहे. तरीही तो पुस्तकात घ्यायचा नाही, असं मी सुचवलं. त्या अर्ध्यात लोक काय चुकीचं करतात तेवढंच आहे. दोरी आवळू नका, जखम कापू नका, हातपाय न हलवता रोग्याला थेट इंजेक्शन असलेल्या दवाखान्यात न्या, हे सांगणारा भाग दुसऱ्या पानावर असणार आणि तो हरवला. डॉक्टरांच्या नावावर अर्धा सल्ला छापणं मला पटलं नाही. काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, “त्यांनाही नसतं चाललं.”

एक वाट मात्र अनपेक्षितपणे उघडली. डाव्या फ्रेममध्ये ‘मागील लेख’ अशी खाली उघडणारी यादी होती. ती दाबून काही होत नव्हतं. सोर्समध्ये पाहिलं, तर प्रत्येक नावामागे फाइलचं नाव लिहिलेलं होतं: `junelekh/130604.htm`, `junelekh/200604.htm` असं. म्हणजे जुना लेख नुसता पुसला जात नव्हता, काही महिने तरी साप्ताहिकाचा माणूस त्याची तारखेच्या नावाने वेगळी फाइल करून ठेवत होता. क्रॉलर साध्या दुव्यावरून पुढे जातो. जावास्क्रिप्टने चालणाऱ्या अशा यादीतून त्या काळी तो पुढे जात नसे, म्हणून त्या फाइली बहुतेक जपल्या गेल्या नाहीत. बहुतेक, पण सगळ्या नाहीत. कुणी दुसऱ्या पानावरून एखाद्या लेखाला थेट दुवा दिला असेल तर क्रॉलर तिथून आत शिरतो. मी पत्त्याच्या शेवटी `*` लावून त्या फोल्डरखाली जे जे जपलं आहे ते मागवलं:

```
https://web.archive.org/web/*/example.com/junelekh/*
```

थोडे लेख त्यात मिळाले, अखंड, एकाच फाइलमध्ये, नावातच तारीख असलेले. ‘चिखलातला ताप’ त्यात होता. नंतर कारण लक्षात आलं: मुखपृष्ठावर अधूनमधून ‘गाजलेले लेख’ अशी साध्या दुव्यांची चौकट येई आणि क्रॉलर त्या चौकटीतून गेला होता. वाचकांची पत्रं ज्यांना जास्त आली ते लेख त्या चौकटीत चढत, आणि म्हणून ते राहिले. ‘साप चावला तर’ १३०६०४ या नावाने असायला हवा होता. यादीत तो नव्हता.

आतापर्यंत मी मजकूर मिळाला असं लिहीत आलो, पण जे मिळत होतं ते मराठीत दिसत नव्हतं. युनिकोड सर्रास होण्याआधी मराठी साइटी आपापल्या फाँटवर चालत. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. तो फाँट संगणकावर असेल तर मराठी दिसे, नसेल तर रोमन अक्षरांचा कचरा. आमचं साप्ताहिक शिवाजी फाँट वापरत होतं. त्यात ‘मराठी’ हा शब्द साठवला जातो `marazI` असा, ‘आहे’ होतं `Aaho` आणि ‘आणि’ होतं `AaiNa`. वेबॅक मशीनवरचा शोधही म्हणून इथे कामाचा नाही. ‘सर्पदंश’ असं देवनागरीत शोधून हे लेख कधीच सापडणार नाहीत, कारण यंत्राच्या लेखी त्यात एकही देवनागरी अक्षर नाही. पत्ता माहीत असणं हाच एक मार्ग, आणि तो वहीमुळे आमच्याकडे होता.

हा मजकूर युनिकोडमध्ये बदलायला तयार साधनं आहेत, पण आधी त्यांना शुद्ध मजकूर द्यावा लागतो. वेबॅक मशीन पान दाखवताना माथ्यावर आपली पट्टी घालतं आणि आतले दुवे बदलून आपल्याकडे वळवतं. मूळ फाइल जशी होती तशी हवी असेल तर पत्त्यातल्या चौदा आकड्यांना लागून `id_` लिहायचं:

```
https://web.archive.org/web/20040618093512id_/http://www.example.com/lekh.htm
```

मग पट्टी नाही, फेरफार नाही. मी प्रत्येक लेख असाच उतरवून तारखेच्या नावाने स्वतःच्या डिस्कवर ठेवत गेलो. हे किती आवश्यक होतं ते ऑक्टोबर २०२४मध्ये कळलं. इंटरनेट आर्काइव्हवर सायबर हल्ला झाला आणि काही दिवस सगळं बंद होतं. ऑगस्ट २०१७मध्येही चित्रपटांच्या अवैध प्रतींसंबंधीच्या मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे भारतात ही साइट काही काळ उघडत नव्हती. जगात अशा मोठ्या जागा मोजक्या आहेत आणि कामाची प्रत आपल्याकडे उतरवलेली असली तरच काम चालू राहतं.

फाँट बदलताना कुठे चुकतं, ते पाहिल्याशिवाय कळत नाही. `AaiNa`मध्ये ऱ्हस्व वेलांटी णच्या आधी आहे, कारण कागदावर ती डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर लिहावी लागते. साध्या अक्षराला हे साधन बरोबर करतं, जोडाक्षर आलं की गडबडतं आणि वेलांटी अर्ध्या अक्षरावर अडकते. रफाराचं उलट: ‘सर्व’ साठवलं जातं `sava-`, म्हणजे रफार शेवटी, आणि तो मागे न्यावा लागतो. सगळ्यांत धोक्याची जागा औषधांची नावं. डॉक्टर ती इंग्रजीत लिहीत, आणि पानात तेवढ्या शब्दांना वेगळा फाँट दिलेला असे. नुसता दिसणारा मजकूर उचलून साधनाला दिला तर त्याला हा फरक कळत नाही. ते औषधाचं नावही मराठी समजून बदलतं आणि तिथे निरर्थक अक्षरं येतात. हे निदान दिसतं तरी. लेखात टाकलेला आडवा डॅश मात्र निमूट रफार होऊन मागच्या अक्षरावर चढतो, आणि ते नजरेतून सुटतं. म्हणून मी सोर्स घेऊन `<font face="Shivaji01">` आणि त्याच्या शेवटाच्या आतला मजकूर तेवढाच बदलायला दिला, बाकी हात लावला नाही. त्यानंतरही प्रत्येक लेख मूळ शिवाजी फाँट लावून उघडलेल्या पानाशी शेजारी ठेवून वाचला. काकूंनी त्यातले बरेच स्वतः वाचले. डॉक्टर ‘दवाखाना’ लिहीत, ‘हॉस्पिटल’ कधीच नाही, हे त्यांना पाठ होतं, आणि एका लेखात ‘हॉस्पिटल’ तीनदा आलेलं पाहून त्यांनी हा यांचा नाही असं सांगितलं. तपासलं तर तो पाहुण्या लेखकाचा होता. त्या आठवड्यात डॉक्टर आजारी होते आणि वहीत त्या रविवारपुढे नोंदच नव्हती.

न मिळालेल्या पानांबद्दलही यंत्र दोन वेगळ्या गोष्टी सांगतं आणि त्या एक समजू नयेत. ‘या पत्त्याची प्रत नाही’ म्हणजे कुणी कधी घेतली नाही. ‘हा पत्ता वगळला आहे’ म्हणजे प्रत असू शकेल, पण ती दाखवायची नाही असं ठरलेलं आहे, बहुधा साइटच्या मालकाने तसं कळवलं म्हणून. दुसऱ्या बाबतीत मालकाला गाठून विचारता येतं. आमच्या बाबतीत सगळी उत्तरं पहिल्या प्रकारची होती.

पुस्तकात आता फक्त पूर्ण मिळालेले आणि वहीशी ताळा बसलेले लेख आहेत. प्रत्येक लेखाखाली छापल्याची तारीख वहीवरून दिली आहे आणि आर्काइव्हमधल्या प्रतीचे चौदा आकडे जसेच्या तसे दिले आहेत, म्हणजे ज्याला शंका येईल त्याला तीच प्रत उघडून पाहता येईल. हे आकडे देताना एक काळजी घ्यावी लागते. आपण मनाने एखादी तारीख टाकली तरी यंत्र जवळच्या प्रतीवर नेऊन पोचवतं, त्यामुळे टाकलेले आकडे द्यायचे नाहीत, पोचल्यावर पट्टीत दिसतात ते द्यायचे. न मिळालेल्या लेखांची शीर्षकं आणि तारखा परिशिष्टात आहेत. ती यादी मिळालेल्या लेखांच्या यादीपेक्षा लांब आहे.

वाचकांना दोन विनंत्या आहेत. तुमच्या ओळखीतलं एखादं साप्ताहिक, ग्रंथालय किंवा मंडळ आपली वेबसाइट बंद करणार असेल, तर पत्ता हातचा जाण्याआधी `web.archive.org/save` इथे जाऊन एकेका लेखाचा पत्ता टाका. नुसतं मुखपृष्ठ टाकून भागत नाही, यादीतून उघडणारे लेख वेगळे टाकावे लागतात. आणि सांगली, पलूस, तासगाव, वाळवा या भागात कुणाकडे, कुठल्या वाचनालयात किंवा दवाखान्याच्या माळ्यावर २००३ आणि २००४ सालचे स्थानिक साप्ताहिकांचे अंक अजून पडून असतील, तर ते रद्दीत देऊ नका, आम्हाला कळवा. १३ जून २००४चा अंक आम्हाला सगळ्यांत आधी हवा आहे.